जलरंगातल्या चित्रासाठी फ्रेम, माउंट आणि काच निवडताना

प्रश्न: आईने काढलेलं जलरंगातलं एक निसर्गचित्र फ्रेम करायचं आहे. आडवं आहे, साधारण ३८ × २८ सेंमी, जाड कागदावर. कागद किंचित लाटांसारखा वर-खाली झालाय. लावायचं बैठकीच्या खोलीत: भिंती मलई रंगाच्या, फर्निचर गडद लाकडाचं, पश्चिमेला मोठी खिडकी. दुकानदार रुंद सोनेरी फ्रेम, चित्रातल्या आकाशाशी जुळणारं निळं माउंट आणि चमक न येणारी मॅट काच सुचवतोय. आधी फ्रेम केलेलं तिचंच एक चित्र काही वर्षांत कडांना तपकिरी झालं, म्हणून धास्ती वाटते. खोलीत शोभेल आणि टिकेलही, असं काय निवडू?

उत्तर:

आधी ते जुनं चित्र भिंतीवरून उतरवा आणि नीट बघा. कागदावर डाग कुठे आणि कोणत्या आकाराचा पडलाय, यावरून दोष कोणाचा हे बऱ्यापैकी ओळखता येतं. माउंटच्या खिडकीच्या, म्हणजे चित्र दिसावं म्हणून पुठ्ठ्यात कापलेल्या चौकटीच्या, कडेला समांतर, आखल्यासारखी तपकिरी रेघ असेल तर ते काम माउंटच्या पुठ्ठ्याचं. मागच्या बाजूला पन्हाळी पुठ्ठ्यासारखे समान अंतरावरचे पट्टे उमटले असतील, तर मागे खोक्याचा पुठ्ठा घातला होता. लाकडाच्या रेषा किंवा गाठी उमटल्या असतील तर पाठीला प्लायवुड किंवा फळी आहे. वरच्या कडेला चौकोनी, तेलकट, अर्धपारदर्शक डाग म्हणजे चिकटपट्टी. विखुरलेले तांबूस ठिपके आले असतील तर कारण ओल. आणि माउंटखाली झाकलेला भाग ताजा, पण उघड्या भागातले रंग फिके, असं असेल तर ते उजेडाचं काम.

तुम्ही ‘कडांना तपकिरी’ म्हणता, त्यावरून मला पहिल्या प्रकाराचीच दाट शंका येते. साधा माउंटचा पुठ्ठा लाकडाच्या लगद्यापासून करतात. त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू धरून ठेवणारा घटक, राहतं. काळ आणि उजेड यांनी ते पिवळं पडतं आणि त्यातून आम्ल तयार होतं. पुठ्ठ्याला तिरका काप देऊन खिडकी पाडली की त्याचा आतला गाभा नेमका चित्राच्या कडेशी उघडा पडतो, आणि तिथूनच आम्ल कागदात उतरतं. तुमच्या जुन्या चित्राच्या माउंटचा तिरका काप बघा. तो नवा असताना पांढरा किंवा मलई रंगाचा असेल. आता तो चहाच्या रंगाचा झाला असेल तर निदान पक्कं.

हे लांबण लावायचं कारण असं की बहुतेक लोक फ्रेमच्या पट्टीपासून सुरुवात करतात. भिंतीवर टांगलेले नमुने बघायचे, एक आवडला की मग त्याला जुळणारं माउंट, आणि शेवटी उरेल ती काच. मी उलट्या क्रमाने जायला सांगतो: आधी माउंट, मग भिंतीवरची जागा, मग काच आणि शेवटी पट्टी. चित्राला कायम चिकटून राहणारी वस्तू माउंट आहे, आणि डोळ्याला चित्रालगत सगळ्यात मोठं क्षेत्र दिसतं तेही माउंटचंच. पैसे मोजकेच असतील तर ते आधी तिथे घाला. पट्टी काय, पुढे कधीही बदलता येते.

माउंट म्हणजे खरं तर दोन पुठ्ठे: पुढचा खिडकी पाडलेला आणि मागचा अखंड. दोन्ही चित्राला लागतात, त्यामुळे दोन्ही चांगलेच हवेत. पुढे महागाचा आणि मागे काहीही, हा प्रकार दुकानांत सर्रास दिसतो. दुकानात पुठ्ठे साधारण तीन प्रतींचे मिळतात. पहिला साधा लगद्याचा. दुसरा कॉन्झर्वेशन प्रतीचा: लाकडाचाच लगदा, पण लिग्निन काढून टाकलेला. तिसरा म्युझियम प्रतीचा, निव्वळ कापसाच्या तंतूंचा. जलरंगातल्या चित्राला दुसरा किंवा तिसरा, कोणताही चालेल. फरक पडतो तो पहिल्या आणि बाकी दोघांत.

फसगत होते ती ‘अ‍ॅसिड-फ्री’ या शिक्क्याने. साध्या लगद्यात कॅल्शियम कार्बोनेट मिसळलं की पुठ्ठा विकत घेताना आम्लरहितच असतो, शिक्का खोटा नसतो. पण लिग्निन आतच असतं. ते हळूहळू आम्ल सोडत राहतं आणि ते शोषणारं कार्बोनेट कधीतरी संपतं. म्हणून दुकानदाराला ‘अ‍ॅसिड-फ्री आहे का’ असं विचारण्याऐवजी ‘लिग्निन-फ्री आहे का, आणि गाभ्यासकट का’ असं विचारा. काही पुठ्ठ्यांना वरचा आणि खालचा कागद चांगला लावलेला असतो, पण गाभा साधाच. पीएच तपासायचं पेन मिळतं, तेही पुष्कळदा फक्त पृष्ठभागाचं सांगतं. हातात वेळ असेल तर सोपा उपाय आहे: दुकानातून पुठ्ठ्याचा वाया गेलेला तुकडा मागून घ्या, त्याचा अर्धा भाग जाड काळ्या कागदाने झाका आणि उन्हाच्या खिडकीत काही आठवडे ठेवा. साधा पुठ्ठा उघड्या बाजूला, विशेषतः कापलेल्या कडेला, पिवळसर झालेला दिसेल. लिग्निन काढलेला पुठ्ठा तसा पिवळा पडत नाही. रंगीत तुकडा घेतला तर त्याचा रंग उडतो का, हेही त्याच चाचणीत कळेल.

आता माउंटचा रंग. आकाशाशी जुळणारं निळं माउंट सुचवण्यामागे हेतू चांगला असतो, पण जलरंगात त्याचा परिणाम उलटा होतो. माउंटवरचा निळा हा सपाट, एकसारखा आणि मोठ्या क्षेत्रावर पसरलेला रंग. चित्रातलं आकाश पातळ थरांचं, कागदाचा पांढरा आतून दाखवणारं. दोन्ही शेजारी आले की माउंटचा निळा जिंकतो आणि आकाश धुरकट दिसू लागतं. जलरंगातल्या बहुतेक चित्रांना मी पांढऱ्या-मलई छटांमध्येच राहतो. पण त्यातही निवड असते. जलरंगाचा कापसाचा कागद शुभ्र पांढरा नसतो, किंचित उबदार असतो. त्याच्याभोवती अगदी शुभ्र माउंट लावलं की कागद जुनाट, पिवळट दिसतो आणि चित्रातल्या उजेडाच्या जागा मळकट वाटतात. तेव्हा माउंट कागदाच्या कोऱ्या भागापेक्षा एक छटा गडद घ्या. मग चित्रातला सगळ्यात उजळ भाग चित्रातच राहतो. दुकानात नमुन्याचे कोपरे चित्रावर ठेवून बघताना दुकानाच्या दिव्याखाली निर्णय घेऊ नका. दिवसा दारापाशी, उघड्या सावलीत बघा. जमलं तर दोन-तीन कोपरे घरी नेऊन तुमच्या भिंतीवर, संध्याकाळी तुमच्याच दिव्याखालीही बघा. भिंत मलई रंगाची आहे, तेव्हा माउंट तिच्याशी तंतोतंत मिळालं तर चित्र भिंतीत विरघळून गेल्यासारखं दिसेल. थोडा राखाडीकडे झुकणारा मलई घेतलात तर बहुधा ही अडचण येणार नाही.

मापं काढून बघू. कागद ३८ × २८ सेंमी. चारही बाजूंनी ४ मिमी कागद माउंटखाली गेला तर खिडकी ३७.२ × २७.२ सेंमीची होते. सही कडेच्या किती जवळ आहे ते आधी मोजा. ती झाकली जात असेल तर खालच्या बाजूला माउंटखाली कागद कमी जाऊ द्या. कागदाच्या कडा हाताने फाडल्यासारख्या, सुंदर असतील तर कागद पूर्ण दिसेल असं मोठ्या खिडकीत ‘तरंगतं’ही बसवता येतं. पण तुमचा कागद वर-खाली झालाय. तरंगत्या बसवणीत लाटा आणखी डोळ्यांत भरतात, म्हणून इथे झाकलेल्या कडाच बऱ्या.

माउंटची रुंदी वर आणि बाजूंना ७ सेंमी, खाली ८ सेंमी धरू. खाली थोडं जास्त ठेवतात, कारण चारही बाजू अगदी सारख्या ठेवल्या तर चित्र खाली घसरल्याचा भास होतो. फरक एक सेंटिमीटरचा पुरे, बघणाऱ्याला तो वेगळा जाणवूही नये. माउंटचं बाहेरचं माप झालं ५१.२ × ४२.२ सेंमी. काच, मागचा पुठ्ठा आणि पाठ याच मापाची. पट्टीच्या आतल्या खाचेत दोन्ही दिशांना ३ मिमी मोकळीक ठेवायची, म्हणजे खाच ५१.५ × ४२.५ सेंमीची. दमट हवेत पुठ्ठा फुगतो आणि त्याला हलायला जागा लागते. ती नसेल तर काही महिन्यांनी माउंट मध्येच पोट काढल्यासारखं पुढे येतं.

सात सेंटिमीटर ऐकून दुकानदार कदाचित म्हणेल की एवढ्याशा चित्राला चार पुरे. रुंदी चारची केली तर पुठ्ठा आणि काच कमी लागते हे खरं. पण माउंट आणि पट्टी यांची रुंदी जवळपास सारखी झाली की चित्राभोवती पट्ट्यांवर पट्ट्या दिसतात आणि नजर चित्रापर्यंत जायच्या आधी त्या मोजत बसते. माउंट पट्टीच्या निदान दुप्पट रुंद असावं, आणि तिप्पट झालं तर आणखी बरं. छोट्या आणि फिकट चित्राला मोकळी जागा लागते. तुमच्या चित्राला ती मिळाली तर रुंद पट्टीशिवायही ते भिंतीवर पुरेसं मोठं दिसेल.

कागदाच्या लाटांचं काय? दुकानदार बहुधा चित्र पुठ्ठ्याला चिकटवून सपाट करून देतो म्हणेल. नको म्हणा. मूळ चित्र पाठीवर पूर्ण चिकटवलं की ते परत काढता येत नाही, आणि गरम दाबयंत्रात घातलं तर कागदाचा पोत चेपला जातो. जाड कागदाच्या हलक्या लाटा हा दोष मानायचं कारण नाही. पण त्या काचेला टेकता कामा नयेत. चित्र काचेला टेकलं की थंड रात्री काचेच्या आतल्या बाजूला साचणारं दव थेट कागदात उतरतं. रंग हलतो, बुरशी धरते. साध्या जाडीचं माउंट सुमारे दीड मिलिमीटरचं असतं आणि तेवढंच अंतर मिळतं. तुमच्या चित्रासाठी ३ मिमी जाडीचा पुठ्ठा घ्या, किंवा दीडचे दोन एकावर एक लावा. जाड पुठ्ठ्याचा तिरका कापही खोल आणि छान दिसतो. लाटा मोजायला चित्र टेबलावर उताणं ठेवा आणि बाजूला मोजपट्टी उभी धरून सगळ्यात उंच जागा बघा. ती ३ मिमीच्या वर असेल तर काच आणि माउंट यांच्यामध्ये, खाचेच्या आड लपणारी, अ‍ॅक्रिलिकची बारीक पट्टी घालायला सांगा.

चित्र मागच्या पुठ्ठ्याला अडकवायचं ते फक्त वरच्या कडेला, दोन ठिकाणी, लहान बिजागऱ्यांनी. जपानी हातकागदाचे तुकडे आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, एवढंच साहित्य. बाकी तिन्ही बाजू मोकळ्या, म्हणजे कागद हवेप्रमाणे ताणला-आकसला तरी सुरकुतत नाही. बिजागरी चित्राच्या कागदापेक्षा कमकुवत हवी. फ्रेम पडली तर बिजागरी फाटावी, चित्र नव्हे. खळ पाण्याने सुटते, म्हणून पुढच्या पिढीतल्या कुणाला चित्र काढायचं झालं तर ते शक्य असतं. दोन्ही पुठ्ठे मात्र एकमेकांना वरच्या लांब कडेने डिंकाच्या कापडी पट्टीने जोडतात. ते वहीसारखे उघडतात आणि खिडकी जागची हलत नाही. दुकानात हे सगळं होणार नसेल तर निदान एवढा आग्रह धरा: मास्किंग टेप नाही, पारदर्शक टेप नाही, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप तर अजिबात नाही. या टेपांचा चिकट थर काही वर्षांत कागदात मुरतो आणि मागून पुढे दिसणारा डाग पडतो, तो काढणं तज्ज्ञालाही जड जातं. मागचं झाकण बंद करण्याआधी मला दाखवा, असं आधीच सांगून ठेवा. प्रामाणिक दुकानदाराला याचा राग येत नाही.

आता जागा. पश्चिमेची खिडकी ऐकल्यावर मी काचेचा विचार थांबवून आधी हाच प्रश्न सोडवतो. कागदावरच्या नाजूक कामांसाठी संग्रहालयं साधारण ५० लक्स एवढाच उजेड ठेवतात; लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं एकक. रोज आठ तास धरले तर वर्षभरात हिशेब होतो १,४६,००० लक्स-तासांचा. संध्याकाळचं तिरपं ऊन खिडकीतून थेट चित्रावर पडलं आणि ते ३०,००० लक्सचं धरलं, तर पाच तासांत तेवढाच उजेड चित्राने खाल्ला. रोज अर्धा तास ऊन येत असेल तर दहा दिवसांत संग्रहालयातलं एक वर्ष संपलं. आणि फिकेपणा साठत जातो. रात्री अंधारात ठेवल्याने आधी उडालेला रंग परत येत नाही. सगळेच रंग सारखे उडत नाहीत. मातीचे रंग, म्हणजे ओकर, सिएना, अंबर, चांगले टिकतात. अलिझरिन क्रिमझनसारखे लाल आणि झगझगीत गुलाबी मात्र लवकर जातात. हिरव्या-जांभळ्या मिश्रणातला असा लाल आधी उडाला की सावल्या निळसर, थंड दिसायला लागतात. कधीकधी चित्राचा स्वभावच बदलून जातो आणि घरच्यांच्या ते लक्षातही येत नाही, कारण ते रोज बघत असतात.

तेव्हा खिडकीच्या समोरची भिंत सोडा. तिथे मावळतीचं ऊनही पडेल आणि काचेत खिडकीही दिसेल. खिडकी ज्या भिंतीत आहे तिच्यावर थेट ऊन येत नाही, पण तिथे बघणाऱ्याच्या डोळ्यांत खिडकीचाच उजेड जातो आणि चित्र काळवंडलेलं वाटतं. बहुतेक वेळा बाजूच्या दोन भिंतींपैकी एक सापडते. ऊन ऋतूप्रमाणे सरकतं, म्हणून एकाच संध्याकाळी पाहून ठरवू नका. घरात कुणी ना कुणी सांगू शकतं की थंडीत ऊन कुठपर्यंत येतं. दुसरी तपासणी आरशाची. एक लहान आरसा चित्राच्या जागी भिंतीला सपाट धरायला सांगा आणि तुम्ही नेहमी बसता तिथून बघा. आरशात खिडकी किंवा दिवा दिसला तर काचेतही दिसणार. भिंतीवर अर्धा मीटर इकडे-तिकडे सरकवून ही अडचण जाते, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. ही भिंत बाहेरची, ओल धरणारी असेल तर तिच्यावरही नको.

जागा ठरली की काचेचा प्रश्न बराच सोपा होतो. साध्या काचेच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ८ टक्के उजेड परततो, तीच आपल्याला दिसणारी चमक. मॅट काचेवर ती चमक जात नाही, विखुरते. तिचा पृष्ठभाग खरबरीत केलेला असतो. ती चित्राला टेकलेली असेल तर चित्र ठीक दिसतं, पण मध्ये जितकं अंतर, तितकं ते पुसट होत जातं. तुमच्याकडे माउंटमुळे ३ मिमीचं अंतर असणार आहे, आणि ते असायलाच हवं. म्हणजे मॅट काच लावली की कागदाचा पोत आणि ब्रशच्या कडा धुक्यात जाणार. खात्री करायची असेल तर दुकानातला मॅट काचेचा तुकडा चित्रावर टेकवून ठेवा आणि मग हळूहळू बोटभर वर उचला. मी ही काच जलरंगासाठी देत नाही.

चमक खरोखर घालवणारी काच वेगळी. तिच्यावर कॅमेऱ्याच्या भिंगांसारखा अतिपातळ थर असतो आणि परावर्तन १ टक्क्याच्याही खाली जातं. ती छान दिसते, पण महाग असते, तिच्यावर बोटांचे ठसे लगेच उमटतात आणि कोनातून किंचित हिरवी-जांभळी झाक येते. गडद चित्रांना तिचा फायदा जास्त, कारण काळ्या भागातच प्रतिबिंब ठळक दिसतं. तुमचं चित्र फिकट आहे आणि जागा आरशाने तपासलेली असेल, तर या काचेवर खर्च करायची गरज मला दिसत नाही.

ज्यावर खर्च करावा ती काच अतिनील किरण अडवणारी, पण दिसायला साधी आणि स्वच्छ. साधी काच अतिनील किरणांचा काही भागच अडवते. चांगल्या यूव्ही काचेत हे प्रमाण ९९ टक्क्यांपर्यंत जातं. तिच्यावर थर असतो तो बहुतेक वेळा आतल्या बाजूला ठेवायचा असतो. कोणती बाजू आत, हे उत्पादकाने काचेच्या संरक्षक कागदावर लिहिलेलं असतं. मात्र यूव्ही काच लावली म्हणून चित्र उन्हात टांगायचा परवाना मिळाला, असं समजू नका. रंग उडवण्याचं बरंचसं काम डोळ्याला दिसणारा उजेडही करतो आणि तो अडवणारी काच लावली तर चित्रच दिसणार नाही. म्हणूनच जागेचा प्रश्न मी काचेच्या आधी घेतला.

अ‍ॅक्रिलिकचा पर्याय वजनाच्या बाबतीत चांगला. तुमच्या मापाची २ मिमी काच साधारण १.१ किलोची होते, अ‍ॅक्रिलिक त्याच्या निम्म्याहून कमी. घरात लहान मुलं असतील किंवा चित्र पलंगावर लावायचं असेल तर मी तेच सुचवेन, पण ओरखडे लवकर पडतात आणि अमोनियाच्या द्रावणाने पुसलं तर ते धुरकट होतं. कोळशाच्या किंवा पेस्टलच्या चित्रावर साधं अ‍ॅक्रिलिक कधीच लावू नका. पुसताना तयार होणारी स्थिर वीज रंगाची भुकटी ओढून घेते.

शेवटी पट्टी. रुंद सोनेरी पट्टी वाईट असते असं नाही. तैलचित्राच्या जाड, गडद पृष्ठभागाला ती पेलते. पातळ जलरंगासमोर ती आधी बोलायला लागते. पट्टीचा गडदपणा मी चित्रातल्या सगळ्यात गडद भागाशी ताडून बघतो: झाडांच्या सावल्या, खडक, काय असेल ते. फोनवर चित्राशेजारी पट्टीचा नमुना ठेवून कृष्णधवल फोटो काढा. पट्टी त्या सावल्यांपेक्षा फारच काळी दिसत असेल तर ती चित्राला कुंपण घालते, आणि फारच फिकी असेल तर चित्राला कड मिळत नाही.

फर्निचरशी जुळवण्याच्या बाबतीत एकच सावधगिरी: जवळपास जुळणारं घेऊ नका. गडद लाकडाजवळ थोडं लालसर, थोडं फिकं असं दुसरं लाकूड आलं की जुळवायला गेले आणि फसले, असं दिसतं. एकतर खरोखर तीच छटा मिळवा, नाहीतर सरळ वेगळी घ्या. तुमच्या खोलीसाठी मी दोन सेंटिमीटर रुंदीची, साधी, चौकोनी, बिनचमकीची पट्टी घेईन, अक्रोडासारख्या मध्यम तपकिरी रंगात. चित्रात उबदार मातीचे रंग असतील आणि सोनेरी मनात बसलंच असेल, तर तेवढ्याच रुंदीची मंद, जुन्या सोन्यासारखी पट्टीही चालून जाईल. दोन सेंटिमीटरची पट्टी धरली आणि तिचा ६ मिमीचा ओठ माउंटवर येत असेल, तर फ्रेमचं बाहेरचं माप साधारण ५४.३ × ४५.३ सेंमी होतं. त्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापून भिंतीवर लावा, दोन दिवस राहू द्या. सोफ्यावर बसून बघायचं असेल तर मध्य डोळ्यांच्या उंचीजवळ आणा. बहुतेक लोक चित्र फार वर लावतात.

पट्टी आवडली की उलटी करून खाचेची खोली मोजा, हे बहुतेक जण विसरतात. काच २ मिमी, माउंट ३, मागचा पुठ्ठा १.५, चित्र आणि बिजागऱ्यांना अर्धा, पाठ ४, म्हणजे ११ मिमी. वर पिना ठोकायला जागा लागते, म्हणून खाच निदान १४ मिमी खोल हवी. उथळ पट्टीत हे सगळं दाबून बसवलं की कागद काचेकडे ढकलला जातो आणि आपण राखलेलं अंतर निरुपयोगी होतं. ओक किंवा तत्सम लाकडाची पट्टी असेल तर खाचेला आतून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी चिकटवून घ्या, कारण ते लाकूड आम्लाची वाफ सोडतं.

पाठीला थेट हार्डबोर्ड किंवा एमडीएफ नको. मागचा चांगला पुठ्ठा आणि पाठ यांच्यामध्ये पॉलिएस्टरचा पारदर्शक पत्रा घाला, किंवा पाठच पन्हाळी पॉलिप्रॉपिलिनची करा. मागची फट डिंकाच्या कागदी पट्टीने बंद केली की धूळ आणि किडे आत येत नाहीत. खालच्या दोन कोपऱ्यांवर रबराची बटणं लावा, म्हणजे फ्रेम भिंतीपासून तीन-चार मिलिमीटर सुटी राहते आणि मागे हवा खेळते. काच पुसताना द्रावण कापडावर घ्या, काचेवर फवारू नका. ओघळ पट्टीच्या आडून खाली माउंटमध्ये जातो.

त्या जुन्या चित्राबद्दल: फ्रेम आता उघडून ते बाहेर काढा, साधं माउंट आणि पाठ दोन्ही टाकून द्या. माउंट चित्राला चिकटवलेलं असेल तर ओढू नका, तसंच ठेवून कागदाच्या जतनकाराकडे न्या. तपकिरी रेघ घरी खोडरबराने किंवा ओल्या कापसाने काढायचा प्रयत्न करू नका. ती कागदाच्या तंतूंमध्ये गेलेली असते आणि जलरंग पाण्याने हलतो. रेघ फिकी आणि कडेलगत असेल तर नव्या माउंटची खिडकी प्रत्येक बाजूने ३-४ मिमी लहान पाडून ती झाकता येते, आणि चांगला पुठ्ठा असल्यामुळे ती आणखी गडद व्हायचा वेगही कमी होतो. जुनी पट्टी चांगली असेल, खाच पुरेशी खोल असेल, तर तीच परत वापरा.